सोया दूध, थायरॉईडची गोळी आणि वहिनींचं टॅमॉक्सिफेन : यातलं खरं किती?

गोदाकाठ (धागाकर्ती) | १४ मार्च, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच माफी मागते.

मी ४६ वर्षांची, नाशिकला असते. नऊ वर्षांपासून हायपोथायरॉईड, ७५ची गोळी चालू. इतकी वर्षं टीएसएच, म्हणजे थायरॉईडचं संप्रेरक कमी पडलं की वर जाणारा तो रक्तातला आकडा, दोन-तीनच्या आसपास गुपचूप बसून होता. दिवाळीनंतर मला दूध पचेनासं झालं, चहा घेतला तरी पोट फुगायचं. मग दुकानातलं सोया दूध आणायला लागले. सकाळी उठले की गोळी, आणि दहा मिनिटांत सोया दुधाची कॉफी. मार्चमध्ये नेहमीची तपासणी केली तर टीएसएच ८.९! डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चुकतात का? मी म्हटलं, एकही नाही. त्यांनी गोळी १००ची केली. सोया दुधाचं मी सांगितलंच नाही, कारण ते सांगण्यासारखं काही असेल हे डोक्यातच आलं नाही.

आता दुसरी गोष्ट. माझ्या वहिनींना (वय ५१) दोन वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन, रेडिएशन झालं, आता इस्ट्रोजेनला अडवणारी टॅमॉक्सिफेनची गोळी चालू आहे. रिपोर्टमध्ये इस्ट्रोजेन रिसेप्टर पॉझिटिव्ह लिहिलंय, म्हणजे गाठ इस्ट्रोजेनवर वाढणारी. गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर मेसेज आला की एक ग्लास सोया दूध म्हणजे गर्भनिरोधक गोळीइतकं इस्ट्रोजेन, त्याने थायरॉईड जळतं आणि स्तनाचा कॅन्सर परत येतो. झालं! दादाने घरातले सोया चंक्स फेकले, दळणात मूठभर सोयाबीन घालायचे तेही बंद. आत्याने मला फोन करून झापलं, "तुझा थायरॉईड वाढला तो त्यानेच, आणि तूच वहिनीला ती सवय लावलीस." त्या दिवसापासून मीही सोया दूध सोडलंय.

माझा टीएसएच सोयामुळे वाढला का? आणि वहिनींना सोया खरंच वर्ज्य आहे का? कृपया फॉरवर्ड चिकटवू नका, ते सगळे माझ्याकडे आहेत.

अण्णा_बार्शीकर | १४ मार्च, रात्री १०.५५

आत्याबाई बरोबर आहेत. सोयाबीन हे गलगंड आणणाऱ्या पदार्थांत मोडतं, कोबी-फ्लॉवरसारखंच. लहान मुलांना सोयाची पावडर पाजून गलगंड झाल्याचे दाखले आहेत, ही अफवा नाही. आमच्याकडे शेतात सोयाबीनच असतं, पण आम्ही ते विकतो, खात नाही! माझा सल्ला : सोया सोडा, आयोडीनचं मीठ सोडा, सैंधव वापरा. सगळं ताळ्यावर येईल.

कुंदा७२ | १४ मार्च, रात्री ११.१०

अगं बाई! आमच्याकडे वीस वर्षं सोयाबीन तेलच आहे फोडणीला. माझाही थायरॉईड आहे. तेल बदलू का? शेंगदाणा तेल परवडत नाही हो आता.

पॅथकाका | १५ मार्च, सकाळी ६.४०

पॅथॉलॉजी लॅबमध्ये तीस वर्षं थायरॉईडचे रिपोर्ट सह्या करून दिले, आता निवृत्त आहे. उपचार सांगणं माझं काम नाही, पण रिपोर्ट कसा वाचायचा हे सांगू शकतो.

कुंदाताई, तेल बदलू नका. ज्यावरून हा सगळा वाद आहे ती आयसोफ्लेव्होन, म्हणजे सोयातली इस्ट्रोजेनशी साम्य असलेली द्रव्यं, बियांच्या प्रथिनांबरोबर राहतात, तेलात उतरत नाहीत. शुद्ध केलेल्या सोयाबीन तेलात ती जवळजवळ नसतातच.

गोदाकाठताई, तुमच्या पहिल्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. सोया थायरॉईड ग्रंथीला त्रास देतं का, हा एक. सोया तुमची गोळी पोटात शोषू देत नाही का, हा दुसरा. आणि तुमची केस वाचताना मला पहिल्यापेक्षा दुसऱ्याचाच वास येतो. नऊ वर्षं तुमचं थायरॉईड बाहेरून येणाऱ्या गोळीवर चाललंय. टीएसएच अचानक वर गेला तर ग्रंथीला काय झालं हे विचारण्याआधी गोळी रक्तात पोचली का हे विचारायचं.

तुमची ही गोळी म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, आणि हे औषध फार मानी आहे. रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर, आणि नाश्त्याच्या निदान अर्धा-एक तास आधी घेतलं तरच नीट शोषलं जातं. तुम्ही दहा मिनिटांत त्यावर काय ओतत होता? कॉफी, ती शोषण कमी करते. सोया प्रथिन, तेही करतं. आणि तिसरी गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही : पाकिटातल्या सोया दुधात बहुतेक वेळा वरून कॅल्शियम घातलेलं असतं. कॅल्शियम तर या गोळीचा जुना वैरी, त्यासाठी चार तासांचं अंतर ठेवायला सांगतात. पाकीट उलटं करून वाचा.

२००१ साली अमेरिकेत अशीच एक केस छापून आली होती. थायरॉईड काढून टाकलेली एक बाई गोळी घेतल्याबरोबर सोया प्रथिनाचं पेय प्यायची. डॉक्टर डोस वाढवत गेले तरी रक्तातली पातळी जागेवर येईना. शेवटी गोळी आणि पेय यांच्या वेळा तोडल्या, तेव्हा डोस उलट कमी करावा लागला.

म्हणून आता तुमच्याबद्दल मला वेगळीच काळजी आहे. डॉक्टरांनी डोस वाढवला, आणि तुम्ही त्याच सुमारास सोया दूध सोडलंत. म्हणजे नळही जास्त उघडला आणि बोळाही काढला. हे डॉक्टरांना आजच फोन करून सांगा. छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं असं काही झालं तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका.

गोदाकाठ | १५ मार्च, सकाळी ८.१५

पॅथकाका, पाकीट वाचलं. 'कॅल्शियम' ठळक अक्षरात पुढच्याच बाजूला लिहिलंय, मी ते पुण्याचं काम समजून आणत होते! डॉक्टरांकडे निरोप ठेवलाय. पण मग ग्रंथीला काहीच होत नाही का? अण्णांनी म्हटलेले लहान मुलांचे दाखले?

पॅथकाका | १५ मार्च, सकाळी ९.३०

अण्णा अर्धे बरोबर आहेत. दाखले खरे आहेत, पण ते १९५०-६०च्या दशकातले. तेव्हा अमेरिकेत सोयाच्या पिठापासून केलेलं बाळांचं दूध मिळायचं, त्यात आयोडीन घातलेलं नसायचं, आणि बाळाचं पूर्ण अन्न तेवढंच. काही बाळांना गलगंड झाला. पुढे त्यात आयोडीन घालायला लागले, पिठाऐवजी शुद्ध प्रथिन वापरायला लागले, आणि ते प्रकार थांबले.

काचेच्या नळीतही हेच दिसतं. थायरॉईड संप्रेरक बनवणारं एक एन्झाइम आहे, सोयातलं जेनिस्टीन नावाचं आयसोफ्लेव्होन त्याला अडवतं. ही गोष्ट १९९७ मध्ये प्रयोगशाळेत दाखवली गेली आणि तिथूनच 'सोया थायरॉईड जाळतं' या मेसेजचा जन्म झाला. मेसेज लिहिणाऱ्याने पुढची ओळ मात्र गाळली. त्याच नळीत आयोडीन घातलं की तो अडथळा निघून जातो.

म्हणून अण्णा, तुमच्या सल्ल्याचा दुसरा भाग मला खटकला. सोयाची भीती वाटते म्हणून आयोडीनचं मीठ सोडायचं, हे म्हणजे पाऊस येतोय म्हणून छत्री घरी ठेवण्यासारखं. सैंधवात भरवशाचं आयोडीन नसतं. गोदाकाठताईंचं थायरॉईड गोळीवर चालतं, त्यांना स्वतःला मिठाने फारसा फरक पडणार नाही. पण त्याच मिठाचं वरण घरातली मुलं आणि बाळंतपणाच्या वयातल्या बायका खातात.

अण्णा_बार्शीकर | १५ मार्च, दुपारी १.०५

सैंधव आमच्या आजोबांपासून आहे. पण ठीक, बाळांच्या दुधाचा काळ मला माहीत नव्हता. बाकी माझं मत कायम.

शंकासुर | १५ मार्च, दुपारी ३.४०

पॅथकाका, चांगलं लिहिलंत, पण एक गाळलंत. सबक्लिनिकल हायपोथायरॉईड, म्हणजे ज्यांचा टीएसएच थोडा वर आहे पण गोळी सुरू नाही, त्यांच्यावर २०११ मध्ये इंग्लंडमध्ये चाचणी झाली होती. साठ जण. आठ आठवडे सोया प्रथिन, एकदा अगदी थोड्या आयसोफ्लेव्होनचं, एकदा १६ मिलिग्रॅमचं. १६च्या काळात सहा जणांचा आजार पूर्ण हायपोथायरॉईडपर्यंत गेला. १६ मिलिग्रॅम म्हणजे एका कपाहूनही कमी सोया दूध! मग 'आयोडीन असेल तर काही होत नाही' हे कसं म्हणता?

पॅथकाका | १५ मार्च, सायंकाळी ६.१०

बरोबर पकडलंत. ती चाचणी खरी आहे आणि ती खिशात घालून पुढे जाता येत नाही. पण त्याच गटाने २०१८ मध्ये तशाच रुग्णांवर पुन्हा चाचणी केली, या वेळी ६६ मिलिग्रॅम देऊन. थायरॉईडवर परिणाम दिसला नाही. चौपट डोसने काही होत नाही आणि कमी डोसने होतं, हे मला पचत नाही, पण पहिली चाचणी खोटी होती असंही म्हणवत नाही. २०१९ मध्ये अठरा चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तर संप्रेरकांत बदल नाही आणि टीएसएचमध्ये जेमतेम पाव युनिटची वाढ. एवढी वाढ माझ्या लॅबमध्ये सकाळच्या आणि दुपारच्या नमुन्यांतही पडायची.

मी माझ्या बहिणीला काय सांगेन तर : टीएसएच सहा-सात असेल आणि गोळी नसेल, तर सोया खा, पण दोन-तीन महिन्यांनी एकदा तपासून घे. ज्यांचं थायरॉईड धडधाकट आहे त्यांनी याचा विचारही करू नये.

लातूरची_गिरणी | १५ मार्च, रात्री ८.२५

माझा सोया दूध आणि पनीरचा छोटा उद्योग आहे, म्हणून माझ्या बाजूने थोडं.

लोक मला फोन करून विचारतात, "ताई, उकळलं की ते इस्ट्रोजेन जातं ना?" नाही जात. उकळायचं ते दुसऱ्या कारणासाठी. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिन पचू न देणारे घटक असतात, ते उष्णतेने मोडतात. आयसोफ्लेव्होन उकळीला दाद देत नाहीत. भिजवलेलं पाणी ओतून दिलं तर थोडी जातात, चोथ्यात थोडी राहतात, बाकी दुधात येतात.

घरी करणाऱ्यांना एक सांगते. सोया दूध पूर्ण उकळायच्या बरंच आधी भसकन फेस वर येतो. लोकांना वाटतं उकळी आली, आणि गॅस बंद करतात. ती उकळी नव्हे. फेस बसू द्या, मग मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं ढवळत उकळा. पोट बिघडल्याच्या तक्रारी माझ्याकडे येतात त्यातल्या निम्म्या इथल्या असतात, आणि त्याचं खापर इस्ट्रोजेनवर फुटतं.

एका कपात किती, हा आकडा मी छातीठोकपणे सांगत नाही. वाण, पाऊस, आणि किलोला किती पाणी घातलं यावर तो बदलतो. साधारण वीस ते तीस मिलिग्रॅम धरतात. मी किलोला आठ लिटर पाणी घालते, काही जण दहा-बारा घालतात, त्यांचं दूधही पातळ आणि बाकी सगळंही पातळ.

प्रोटीनवाला | १५ मार्च, रात्री ९.००

भावांनो, पुरुषांनी सोया घेतलं तर छाती वाढते का? जिममध्ये सगळे सांगतात.

शंकासुर | १५ मार्च, रात्री ९.१२

प्रोटीनवाला, वेगळा धागा काढा. (वाढत नाही. रोज तीन लिटर सोया दूध पिणाऱ्या एका गृहस्थांची केस छापून आली होती, तुम्ही तेवढं प्याल असं वाटत नाही.)

मीनल_न्यूजर्सी | १६ मार्च, पहाटे ४.३०

गोदाकाठ, तुझ्या वहिनींबद्दल वाचून लिहावंसं वाटलं. मलाही २०१९ मध्ये तोच कॅन्सर झाला, इस्ट्रोजेन पॉझिटिव्ह, पाच वर्षं टॅमॉक्सिफेन पूर्ण केलं. पहिलं वर्षभर मी सोया सॉसची बाटलीसुद्धा घरात ठेवली नाही. मग हॉस्पिटलमधल्या आहारतज्ज्ञ बाईंनी यादी विचारली आणि हसून म्हणाल्या, टोफू खा, सोया दूध पी, फक्त आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या आणि प्रोटीन पावडरचे डबे नकोत. इथल्या अमेरिकन कॅन्सर सोसायटीचंही म्हणणं साधारण असंच आहे. मला तेव्हा राग आला होता, कारण वर्षभर मी उगाच घाबरून जेवले. पण खरं सांगू, टोफूचा पहिला घास घेताना अजूनही छातीत धस्स होतं.

पॅथकाका | १६ मार्च, सकाळी ७.१५

मीनलताई, धस्स होणं समजू शकतो, कारण त्या भीतीच्या मुळाशी खरा प्रयोग आहे. तो नीट समजला तर बाकीचं सोपं होतं.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात नव्वदच्या दशकाच्या शेवटी उंदरांवर काम झालं. उंदीर असे की त्यांना प्रतिकारशक्ती जवळजवळ नाही, अंडाशय काढून टाकलेले, आणि पाठीत माणसाच्या स्तनकॅन्सरच्या पेशी पेरलेल्या. त्या पेशींना वाढायला इस्ट्रोजेन लागतं. अशा उंदरांना शुद्ध जेनिस्टीन खाऊ घातलं आणि गाठी वाढल्या. पुढे असंही दिसलं की जेनिस्टीन टॅमॉक्सिफेनच्या कामात खोडा घालतं. वहिनींच्या घरातले चंक्स कचऱ्यात गेले ते या उंदरांमुळे.

पण त्याच प्रयोगशाळेने २००४ मध्ये आणखी एक पेपर काढला. जेनिस्टीनचं प्रमाण तेवढंच ठेवून एका गटाला सोयाचं पीठ दिलं, बाकीच्यांना अधिकाधिक शुद्ध केलेले अर्क. पिठावरच्या उंदरांत गाठी वाढल्या नाहीत. अर्क जसजसा शुद्ध होत गेला तसतशा वाढल्या. शिवाय उंदराचं शरीर जेनिस्टीन वेगळ्या तऱ्हेने हाताळतं. माणसाचं आतडं आणि यकृत जवळजवळ सगळं जेनिस्टीन बांधून निष्क्रिय करतं, उंदराच्या रक्तात मोकळं जेनिस्टीन माणसाच्या कितीतरी पट फिरत असतं.

म्हणून शेवटी माणसांकडेच पाहायला लागतं. शांघायमध्ये स्तनकॅन्सर झालेल्या ५,०४२ बायकांचा साधारण चार वर्षं पाठपुरावा केला, निकाल २००९ मध्ये आला. सगळ्यांत जास्त सोया खाणाऱ्या पाव भागात चार वर्षांत शंभरात ८ जणींचा कॅन्सर परतला, सगळ्यांत कमी खाणाऱ्यांत शंभरात ११. इस्ट्रोजेन रिसेप्टर पॉझिटिव्ह असो वा निगेटिव्ह, टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या असोत वा नसोत, जास्त सोयाने वाईट झालेलं कुठेच दिसलं नाही. आणि त्या जास्त खाणाऱ्या बायका दिवसाला १५ ग्रॅमहून अधिक सोया प्रथिन खात होत्या, म्हणजे साधारण दोन कप सोया दुधाइतकं.

शंकासुर | १६ मार्च, सकाळी १०.५०

आता माझी पाळी. शांघायमधल्या बाईने लहानपणापासून टोफू खाल्लाय. वयात येतानाच सोया खाणाऱ्या मुलींच्या स्तनाच्या पेशींची घडणच कदाचित वेगळी होत असेल. नाशिकच्या वहिनींनी पंचेचाळिशीनंतर, तेही चंक्सची भाजी महिन्यातून दोनदा. शांघायचा निकाल त्यांना कसा लागू होईल? शिवाय जास्त सोया खाणारी बाई एकूणच भाज्या जास्त खात असेल, फिरत असेल. हे निरीक्षण आहे, चाचणी नाही.

पॅथकाका | १६ मार्च, दुपारी १२.२०

मान्य, आणि म्हणूनच 'सोयाने कॅन्सर टळतो' असं मी कुठे म्हटलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच की 'सोयाने परततो' हे दिसायला हवं होतं तिथे दिसलं नाही. तुमच्या पहिल्या मुद्द्याला अर्धं उत्तर २०१२ मधलं आहे. अमेरिका आणि चीनमधल्या मिळून ९,५१४ बायकांची माहिती एकत्र केली. अमेरिकन बायका आपल्यासारख्याच, सोया कमी खाणाऱ्या. तिथेही नुकसान दिसलं नाही. पण हेही निरीक्षणच.

खरी चाचणी पाहिजे असेल तर २०१४ मधली न्यूयॉर्कची घ्या. १४० बायका, निदान झालेलं, ऑपरेशनच्या आधीचे सात ते तीस दिवस. अर्ध्यांना सोया प्रथिनाची पावडर, अर्ध्यांना दुसरी. पेशी किती वेगाने वाढतात ते मोजलं, दोन गटांत फरक नाही. मात्र सोया घेतलेल्यांपैकी काही जणींत, ज्यांच्या रक्तात जेनिस्टीन खूप चढलं होतं, पेशीवाढीशी संबंध असलेल्या काही जनुकांची हालचाल वाढलेली दिसली. त्याचा पुढे गाठीवर काय परिणाम झाला असता, हे इतक्या थोड्या दिवसांत कळणं शक्य नव्हतं. पावडर आणि गोळ्यांबद्दल माझं बोट थांबतं ते इथे.

गोदाकाठ | १६ मार्च, रात्री ९.४०

हे वाचून मी वहिनींना फोन केला, आणि एक गोष्ट बाहेर आली जी आम्हाला कोणालाच माहीत नव्हती. टॅमॉक्सिफेनने त्यांना अंगातून गरम वाफा येतात, रात्री उशी भिजते. मैत्रिणीने सांगितलं म्हणून त्या तीन महिन्यांपासून मेडिकलमधून 'नैसर्गिक' कॅप्सूल आणून घेत होत्या. डबीवर सोया आयसोफ्लेव्होन, दिवसाला दोन कॅप्सूल, मिळून १०० मिलिग्रॅम! चंक्स फेकले, दळण बदललं, आणि ही डबी मात्र 'औषध' म्हणून देवघराच्या कपाटात सुरक्षित.

लातूरची_गिरणी | १६ मार्च, रात्री १०.०५

म्हणजे चार-पाच कप सोया दुधाइतकं, तेही एकट्याने, प्रथिन नाही, चोथा नाही, काही नाही. आणि माझ्या पनीरवर बंदी! धन्य आहे.

मीनल_न्यूजर्सी | १७ मार्च, पहाटे ५.००

गोदाकाठ, वहिनींना रागावू नकोस गं. त्या वाफा माणसाला काहीही घ्यायला लावतात. त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना डबी दाखवा, वाफांसाठी टॅमॉक्सिफेनबरोबर चालणारी दुसरी औषधं असतात. पण सगळी चालत नाहीत, म्हणून ते डॉक्टरच ठरवू देत.

शंकासुर | १७ मार्च, सकाळी ९.३०

न्यायाने बोलायचं तर कॅप्सूलनेही नुकसान होतं हे माणसात सिद्ध झालेलं नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये या गोळ्या तपासल्या, आणि पाळी गेलेल्या बायकांत स्तन, गर्भाशय, थायरॉईड यांपैकी कशावरही घातक परिणाम आढळला नाही. पण त्यांनी तपासल्या त्या कॅन्सर न झालेल्या बायका. वहिनी त्या गटात बसत नाहीत.

कुंदा७२ | १७ मार्च, सकाळी ११.००

मग दळणात सोयाबीन घातलं तर चालेल ना? आमच्या गिरणीवाल्याने पाच किलोला अर्धा किलो सांगितलंय.

लातूरची_गिरणी | १७ मार्च, सकाळी ११.२०

चालेल कुंदाताई, पण आधी भाजून घ्या. कच्चं घातलंत तर पोळी कडवट लागते, आणि तव्यावरच्या दोन मिनिटांत ते पचनाला अडवणारे घटक पुरते मोडत नाहीत.

गोदाकाठ | २२ एप्रिल, दुपारी ४.१०

धागा वर काढतेय. पॅथकाका, तुमचं भाकीत खरं ठरलं. मार्चमध्ये मी निरोप ठेवला होता, पण डॉक्टर बाहेरगावी होते आणि मीही मग पाठपुरावा केला नाही. गेल्या आठवड्यात जिना चढताना छातीत धडधडायला लागलं, रात्री तीनला टक्क जाग. टीएसएच ०.२१! १००च्या गोळीवर, सोया दूध नाही, कॉफी गोळीनंतर एक तासाने. डॉक्टरांना या वेळी सगळं तारीखवार सांगितलं. त्यांनी गोळी परत ७५ची केली आणि म्हणाले, पुढचे आठ आठवडे काहीही नवीन सुरू करू नका, काहीही बंद करू नका.

वहिनींच्या डॉक्टरांनी कॅप्सूल बंद केल्या, वाफांसाठी वेगळी गोळी दिली. खाण्यातल्या सोयाला त्यांची ना नाही. दादा अजून ऐकत नाही, म्हणतो डॉक्टरांना काय जातंय सांगायला.

पॅथकाका | २२ एप्रिल, सायंकाळी ७.००

आठ आठवडे का, तर ही गोळी रक्तात अर्धी व्हायलाच सुमारे आठवडा लागतो, आणि टीएसएच त्याच्याही मागून रांगत येतो. मधेच तपासलंत तर आकडा वाटेतला मिळेल.

सोया दूध पुन्हा हवं असेल तर बदल एकच करा. दुपारी किंवा संध्याकाळी घ्या, रोज साधारण तेवढंच घ्या, आणि डॉक्टरांना सांगून तपासा.

गोदाकाठ | २० ऑगस्ट, सकाळी ८.५०

शेवटचा हिशोब. जूनमध्ये ७५वर, सोया दुधाशिवाय टीएसएच २.६. मग डॉक्टरांना विचारून दुपारी चार वाजता एक कप सोया दूध सुरू केलं, तेच कॅल्शियमवालं. काल रिपोर्ट आला, २.९. डॉक्टर म्हणाले, चालू द्या.

शंकासुर | २० ऑगस्ट, सकाळी ९.२०

अभिनंदन. पण वैज्ञानिकदृष्ट्या अजून सोया प्रथिन, कॅल्शियम की कॉफी हे ठरलेलं नाही. आयसोफ्लेव्होनवर मात्र माझा संशय कमी आहे, कारण नुसती आयसोफ्लेव्होन गोळीबरोबर देऊन पाहिली त्या छोट्या चाचणीत गोळीच्या शोषणात फरक पडला नव्हता. तुम्ही एकेक करून सकाळी गोळीबरोबर घेऊन पाहिलंत तर...

गोदाकाठ | २० ऑगस्ट, सकाळी ९.२५

शंकासुरभाऊ, मी माणूस आहे, काचेची नळी नाही.

अण्णा_बार्शीकर | २० ऑगस्ट, सकाळी १०.४५

मी सैंधव सोडलेलं नाही, पण सूनबाईंना दिवस गेलेत म्हणून घरात आता दोन बरण्या आहेत. तिच्यासाठी आयोडीनवाली. बाकी लातूरच्या ताई, पनीर बार्शीला मिळतं का?

लातूरची_गिरणी | २० ऑगस्ट, सकाळी ११.१०

अण्णा, शनिवारी आमची गाडी येते बार्शीला. निरोपात नंबर टाकते. दादांना पण पाठवू का दोनशे ग्रॅम, गोदाकाठताई?